पंधरा हजारांची पेटी

कारखान्याच्या हिशेबात लाखांच्या रकमा सहसा हरवत नाहीत. पुरवठादाराचं बिल येतं, चेक निघतो, बँकेच्या उताऱ्यात नोंद दिसते आणि वर्षअखेरीला ऑडिटर त्या ओळीपुढे टिक करून पुढे जातो. घोळ होतो तो टेम्पोच्या भाड्यात, हमालीत, कुरिअरमध्ये, पंक्चरमध्ये आणि चहात. हे पैसे रोख जातात, घाईत जातात, आणि पंधरा दिवसांनी "ते सहाशे कशाचे?" असं विचारलं की ज्याने दिले तोही डोकं खाजवतो.

भोसरीच्या एमआयडीसीत चाळीसेक माणसांचं एक मशीन शॉप आहे असं धरू. आकडे नमुन्याचे आहेत, प्रसंग मात्र अशा कोणत्याही वर्कशॉपमध्ये रोज घडणारे आहेत. ऑफिसात एक अकाउंटंट, एक स्टोअरकीपर, पर्चेस बघणारा एक मुलगा आणि मालक. स्टोअरकीपरच्या कपाटात कुलूपबंद लोखंडी पेटी. तिच्यात किती पैसे असावेत, ते कोणत्या कागदावर बाहेर पडावेत आणि महिनाअखेरीला त्यांचा मेळ कसा घालावा, एवढाच इथला विषय.

पेटी चालवण्याचे दोन प्रकार दिसतात. पहिला बिनकायद्याचा. पैसे संपले की मालकाकडून दहा हजार आणायचे, ते संपले की पुन्हा पाच. महिन्याच्या शेवटी एकूण किती आले आणि किती गेले याची बेरीज मांडायला बसावं लागतं, आणि मध्ये एखादी उचल नोंदवायची राहिली असेल तर ती कधीच सापडत नाही. दुसरा प्रकार अग्रधन पद्धतीचा. वाणिज्य शाखेच्या मुलांना अकरावीतच शिकवला जातो, पण शाळेबाहेर फारसा पाळला जात नाही. त्यात पेटीची रक्कम एकदाच ठरते. आपल्या वर्कशॉपची रक्कम १५,००० रुपये आहे असं समजा. मग दिवसाच्या कोणत्याही क्षणी पेटी उघडली, तर आतली रोकड, आतली खर्चाची व्हाउचरं आणि कुणाला दिलेल्या उचलीच्या चिठ्ठ्या या तिघांची बेरीज १५,००० च भरली पाहिजे. पेटी पुन्हा भरताना बँकेतून काढायची रक्कम म्हणजे जमा झालेल्या व्हाउचरांची नेमकी बेरीज. व्हाउचरं १०,५९५ ची असतील तर चेकही १०,५९५ चा. "सोयीसाठी अकरा हजार काढू" असं एकदा झालं की बेरजेचा तो पक्का आकडा गेला आणि पद्धतही गेली.

हे पंधरा हजार आले कुठून? मागच्या तीन महिन्यांचा रोख खर्च काढून पाहिला, तर तो दरमहा वीस ते चोवीस हजारांच्या आसपास निघाला. महिन्यात दोनदा पेटी भरायची ठरवली तर एका वेळेला बारा हजार लागतात, वर थोडी ऐसपैस जागा ठेवली. यापेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही; पडून राहिलेली रोकड दुसऱ्यांच्या गरजा जागवते. फार कमी ठेवली तर दर चौथ्या दिवशी बँकेत जावं लागतं, आणि मग स्टोअरकीपर स्वतःच्या खिशातून भागवायला लागतो. हे दिसायला भलं वाटतं, पण त्याच दिवसापासून पेटीचे पैसे आणि खिशातले पैसे एकमेकांत मिसळतात.

दुसरी मर्यादा एका व्हाउचरची. इथे ती २,००० रुपये ठेवली आहे. त्यावरचा खर्च बँकेतून करायचा. अशी मर्यादा असली की तिला बगल देण्याचा मार्गही ठरलेला असतो: ३,४०० चं सामान एकाच दुकानातून एकाच दिवशी १,८०० आणि १,६०० च्या दोन बिलांवर येतं. म्हणून नियम "एका बिलाला" असा न लिहिता "एका दिवसात एका व्यक्तीला किंवा दुकानाला" असा लिहावा. प्राप्तिकराच्या कायद्यानेही हेच शहाणपण वापरलं आहे. धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एका व्यक्तीला दिलेली रोख रक्कम सगळी मिळून १०,००० रुपयांच्या वर गेली, तर तो खर्च नफ्यातून वजा करू देत नाहीत. पूर्वी ही मर्यादा २०,००० होती, २०१७ मध्ये ती निम्म्यावर आली. मालवाहतूकदारांसाठी ती ३५,००० आहे. हार्डवेअरवाल्याला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा हजार दिले, तर वरचे दोन हजारच बाद होतील असं काहींना वाटतं. बाद होतात ते पूर्ण बारा हजार.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे.

व्हाउचरवर छापील क्रमांक हवा. सुट्या कागदावर "चहा १२०" असं लिहून टाचणीला लावलेला तुकडा म्हणजे व्हाउचर नव्हे, कारण तो नाहीसा झाला तर नाहीसा झाल्याचंही कळत नाही. क्रमांक असला की २१४ नंतर थेट २१६ दिसताच कुणीही विचारेल. चुकलेलं व्हाउचर फाडून टाकायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहायचं आणि पुस्तकातच ठेवायचं. तारीख, पैसे घेणाऱ्याचं नाव, कारण, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि सह्या तीन: पैसे घेणाऱ्याची, मंजुरी देणाऱ्याची आणि पैसे देणाऱ्याची. अक्षरी रक्कम हा पुष्कळांना छापील फॉर्मचा सोपस्कार वाटतो. पण "१५०" च्या आधी एक घालून "११५०" करायला पेनाचा एकच फराटा पुरतो. "एकशे पन्नास फक्त" असं लिहिलं असेल तर ते साधत नाही.

कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे यावरून कार्यालयाची शिस्त लगेच कळते. "किरकोळ खर्च" हे कारण नाही. "टेम्पो भाडे" हेही अर्धंच आहे. कोणता माल, कुठून कुठे, गाडी नंबर काय, चलन नंबर काय, हे लिहिलं की व्हाउचर पारखून घेता येतं.

हमालीचंच उदाहरण पाहा. हमाल बिल देत नाही आणि देणारही नाही. तिथे आपणच केलेलं व्हाउचर चालतं, पण त्याला टेकू लागतो. लोखंडाच्या सळ्यांची गाडी आली, चार जणांनी ती उतरवली, ३५० रुपये दिले. व्हाउचरवर टोळीच्या मुकादमाचं नाव, मोबाइल नंबर, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि गाडीचा नंबर आवक-जावक रजिस्टरातून उतरवायचा. गेटवरचं हे रजिस्टर वॉचमन लिहितो. पेटीशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणूनच ते कामाचं. महिनाअखेरीला मालकाने फक्त हमालीची व्हाउचरं आणि ते रजिस्टर शेजारी शेजारी ठेवावं. व्हाउचरांवर आठ गाड्या उतरल्या आणि गेटमधून सहाच आत आल्या असतील, तर ते सातशे रुपये कुठे गेले हे विचारायला ऑडिटरची गरज नाही. पेटीचा मेळ मात्र या दोन खोट्या व्हाउचरांनिशीही पैशापैशाने बसलेला असतो. रोकड मोजणं आणि खर्च तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे विसरलं की मेळ बसला एवढ्यावर लोक समाधान मानतात.

बिल मिळतं तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. पैसे दिल्याबरोबर बिलावर आणि व्हाउचरवर "रक्कम दिली" असा शिक्का तारखेसह, बिलाच्या मजकुरावरच मारायचा. कोऱ्या समासात मारलेला शिक्का कात्रीने निघतो. शिक्का नसलेलं बिल दोन महिन्यांनी दुसऱ्या व्हाउचरला लागून परत येऊ शकतं, आणि हा पेटीतून पैसे काढण्याचा सर्वात जुना मार्ग आहे. पेट्रोल पंपाच्या आणि बऱ्याच दुकानांच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. सहा महिन्यांत त्या कोऱ्या होतात. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढून मूळ पावतीसोबत जोडावी. एकाच दुकानाची तीन महिन्यांतली बिलं ६१, ६२, ६३ अशी ओळीने आली असतील, तर एकतर त्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईकच नाही, नाहीतर बिलबुक आपल्याच कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

बिल कच्चं की पक्कं, हा वाद रोजचा. दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला, घेणारा जीएसटीत नोंदलेला नसेल आणि त्याने मागितलं नसेल, तर दुकानदाराने बिल दिलं नाही तरी चालतं. त्यामुळे काउंटरवर बिलाची सवय नसते. पण आपलं वर्कशॉप जीएसटीत नोंदलेलं आहे. तेव्हा ड्रिल बिट किंवा वेल्डिंग रॉड घेताना कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर सांगून बिल मागायचं, म्हणजे भरलेल्या कराचा परतावा पुढच्या करातून वळता करता येतो. चहा-नाश्त्यावर तो मिळत नाही, तिथे साधी पावतीही पुरेशी.

रेव्हेन्यू स्टॅम्पबद्दलही एक जुनी सवय मोडायला हवी. पैसे मिळाल्याच्या पावतीवर एक रुपयाचं तिकीट लागतं ते रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तेव्हा. ही मर्यादा आधी ५०० होती, २००४ साली वाढली. तरी अजून सहाशेच्या व्हाउचरवर तिकीट चिकटवणारे पुष्कळ. ज्या पेटीतून दोन हजारांवर रक्कम निघतच नाही, तिथे तिकिटाचा प्रश्नच येत नाही.

गेल्या काही वर्षांत यूपीआयने या पेटीचं काम हलकं केलं आणि कागदाचं अवघड. पर्चेसचा मुलगा स्वतःच्या फोनवरून ४८० रुपये देतो, स्क्रीनशॉट स्टोअरकीपरला पाठवतो आणि पेटीतून रोख घेतो. पैसे कुणाच्या तरी खात्यात गेले एवढंच त्या स्क्रीनशॉटवरून कळतं. काय घेतलं ते कळत नाही, आणि तोच स्क्रीनशॉट पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवता येतो. म्हणून बिल हवंच, आणि व्हाउचरवर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहायचा. एकाच क्रमांकाचा खर्च दुसऱ्यांदा आला की तो पकडता येतो, कारण प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक वेगळा असतो. स्टोअरकीपरने मात्र स्वतःच्या फोनवरून खर्च करून स्वतःलाच पेटीतून रोख द्यायची नाही. देणारा आणि घेणारा एकच माणूस झाला की सहीला काही मोल उरत नाही.

पेटी एकाच्याच ताब्यात असावी. किल्ली दोघांकडे असेल तर तूट कुणाचीच नसते. दुसरी किल्ली पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर स्टोअरकीपरची सही घेऊन, मालकाच्या तिजोरीत ठेवायची. स्टोअरकीपर रजेवर गेला तर किल्ली शेजारच्या टेबलावर ठेवून जायचं नाही. दोघांनी मिळून रोकड मोजायची, व्हाउचरांची बेरीज मांडायची, रजिस्टरात "एवढी रोकड, एवढी व्हाउचरं, एकूण १५,०००" असं लिहून दोघांनी सह्या करायच्या. परत आल्यावर तसंच उलट. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळल्यामुळे दोन चांगल्या माणसांत कायमची अढी बसलेली अनेक कार्यालयांत पाहायला मिळते.

ज्याच्या ताब्यात पेटी आहे त्याने मंजुरी द्यायची नाही आणि कॉम्प्युटरवर खर्चाची नोंदही करायची नाही. मोठ्या कंपनीत हे सोपं असतं. लहान ठिकाणी माणसंच कमी, तेव्हा निदान मंजुरी आणि मोजणी मालकाने स्वतःकडे ठेवावी. सोमवारी सकाळी दहा कोऱ्या व्हाउचरांवर सह्या करून बाहेरगावी जाणारे मालक आहेत. त्यांनी पेटीला कुलूप लावण्याचाही त्रास घेऊ नये.

भंगाराचे पैसे या पेटीत टाकू नयेत, हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. मशीन शॉपमध्ये लेथची चुरी आणि तुकडे जमतात, भंगारवाला रोख मोजून देतो, आणि ते पैसे समोरच्या पेटीत जातात. मग पेटी आपोआप भरत राहते, बँकेतून पैसे काढावे लागत नाहीत आणि सगळ्यांना बरं वाटतं. प्रत्यक्षात विक्रीची एक रक्कम हिशेबाबाहेर राहते आणि तितकाच खर्चही. भंगाराचं बिल करायचं आणि पैसे बँकेत भरायचे. कामगाराला "पगार झाला की देतो" म्हणून दिलेले पाचशेही याच पेटीतून नकोत; पगाराच्या उचलीचं खातं वेगळं आहे.

कामासाठीची उचल मात्र लागतेच. ड्रायव्हर चाकणहून माल आणायला निघाला, टोल, डिझेल, हमाली किती होईल ते माहीत नाही, त्याला १,५०० रुपये दिले. यावर खर्चाचं व्हाउचर करायचं नाही, कारण खर्च अजून झालेलाच नाही. उचलीच्या चिठ्ठीवर त्याची सही घेऊन ती चिठ्ठी रोकडीच्या जागी पेटीत ठेवायची. तो परत आला, १,३१० चे कागद आणि १९० रुपये रोख दिले, की चिठ्ठी रद्द करून १,३१० चं व्हाउचर करायचं. हिशेब तीन दिवसांत द्यायचा आणि पहिली चिठ्ठी मिटल्याशिवाय दुसरी उचल द्यायची नाही, एवढे दोन नियम पुरतात.

आता महिनाअखेर. ३१ तारखेला संध्याकाळी मालक आणि स्टोअरकीपर पेटी उघडून बसले. अठरा तारखेला पेटी पूर्ण भरली होती. त्यानंतरच्या व्हाउचरांची रजिस्टरातली बेरीज १०,४१५. ड्रायव्हरची १,५०० ची चिठ्ठी अजून आतच आहे. म्हणजे रोकड ३,०८५ असायला हवी. मोजायला घेतली: पाचशेच्या चार, दोनशेच्या दोन, शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन, विसाच्या तीन, दहाच्या तीन आणि पंधरा रुपयांची चिल्लर. एकूण २,९०५. एकशे ऐंशी कमी.

इथे बहुतेक जण खिशातून एकशे ऐंशी काढून पेटीत टाकतात आणि मेळ बसवतात. तसं करू नये, कारण चूक तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात नव्या चुकीत मिसळते. आधी फरकाच्या रकमेकडे बघायचं. १८० ला नऊने भाग जातो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यावा. सगळी व्हाउचरं रजिस्टराशी ताडून पाहिली, तर कुरिअरचं बिल ४२० चं आणि रजिस्टरात २४० लिहिलेलं. खरी बेरीज १०,५९५. रोकड २,९०५, चिठ्ठी १,५००, व्हाउचरं १०,५९५, एकूण १५,०००. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. एक रेघ मारून वर बरोबर आकडा आणि शेजारी सही.

नऊचा हा ताळा दर वेळी लागेलच असं नाही. फरक एखाद्या व्हाउचरच्या रकमेएवढा असेल तर ते व्हाउचर लिहायचं राहिलेलं असतं. एखाद्या रकमेच्या दुपटीएवढा असेल तर ती रक्कम जमेऐवजी खर्चात, किंवा खर्चाऐवजी जमेत धरली गेलेली असते. चार-दोन रुपयांचा फरक सुट्ट्या पैशांचा असतो, तो "रोकड तूट-वाढ" या खात्यात लिहून मोकळं व्हावं. दर महिन्याला अगदी शून्य फरक येत असेल तर उलट जरा जास्त लक्ष द्यावं. रोज सुटे पैसे हाताळणाऱ्या पेटीत वर्षभर एकाही रुपयाची चूक होत नाही, याचा अर्थ कुणीतरी ती गुपचूप भरून काढतंय.

मोजणीचा कागद, म्हणजे नोटांची वर्गवारी, व्हाउचरांची यादी, न मिटलेल्या चिठ्ठ्या आणि दोघांच्या सह्या, त्या महिन्याच्या व्हाउचरांच्या गठ्ठ्याला वर लावून ठेवायचा. मग १०,५९५ चा चेक. टॅलीत बँकेतून पेटीत आलेल्या पैशांची नोंद F4 च्या कॉन्ट्रात आणि खर्चाची F5 च्या पेमेंटमध्ये होते. पेटीसाठी मुख्य रोकडीपासून वेगळं लेजर उघडलं की पडद्यावरची शिल्लक आणि पेटीतली शिल्लक थेट ताडता येते. पेटी भरली तरी तिच्यात रोकड १३,५०० च असेल, कारण ड्रायव्हरची चिठ्ठी अजून मिटायची आहे. नवशिका अकाउंटंट इथे हमखास १२,०९५ चा चेक लिहितो. ३१ मार्चला मात्र पेटी भरण्याची वेळ आली नसली तरी सगळी व्हाउचरं खर्ची टाकून पेटी पूर्ण करायची. नाहीतर मार्चचा खर्च एप्रिलमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षात जातो.

महिनाअखेरीची मोजणी सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिच्या आदल्या दिवशी पेटीतले पैसे परत येऊन बसतात. दोन हजार दहा तारखेला घेतले, तीसला ठेवले, कुणाला पत्ता नाही. त्यावर उपाय एकच, न सांगता केलेली मोजणी. महिन्याच्या मध्ये कधीही, दुपारी जेवणाच्या सुटीनंतर, कुणावर संशय आहे म्हणून नव्हे तर तसा लेखी नियमच आहे म्हणून. तुमच्या कार्यालयात, सोसायटीत किंवा मंडळात अशी पेटी असेल, तर या आठवड्यात एकदा ती उघडायला लावा, रोकड, व्हाउचरं आणि चिठ्ठ्या यांची बेरीज करा, आणि ठरलेली रक्कम भरते का ते पाहा. ठरलेली रक्कमच नसेल, तर आधी ती ठरवा.